व्हिसासाठी बँकेला पत्र

मुलगा इंग्लंडमध्ये नोकरीला आणि आई-वडील मंगळवेढ्यात, अशी घरे आता आपल्याकडेही आहेत. उमऱ्याचा टूरवाला सहसा बँकेचे कागद मागत नाही. पण मुलाला भेटायला जायचे तर ब्रिटनचा व्हिसा-अधिकारी पैसा किती आहे, कुठून आला आणि किती दिवसांपासून आहे, हे पाहतो. शिल्लक दाखला एका दिवसाचा आकडा सांगतो. बाकीचे खातेउताऱ्यावरून कळते. म्हणून दोन्ही एकाच पत्राने मागावेत. पत्र असे लिहावे:

प्रति, मा. शाखाधिकारी, … बँक, शाखा मंगळवेढा.
दि. 3 एप्रिल 2025
विषय : व्हिसासाठी शिल्लक दाखला व सहा महिन्यांचा खातेउतारा मिळणेबाबत.
महोदय, आपल्या शाखेत माझे व माझ्या पत्नीचे संयुक्त बचत खाते क्र. … आहे. ब्रिटनला मुलाकडे जाण्यासाठी आम्ही व्हिसाचा अर्ज करीत आहोत. तरी 2 एप्रिल 2025 अखेरच्या शिलकीचा दाखला, त्यात आमच्या मुदत ठेवीचाही उल्लेख करून, आणि 3 ऑक्टोबर 2024 ते 2 एप्रिल 2025 या काळाचा उतारा द्यावा. दोन्ही इंग्रजीत असावेत व प्रत्येक पानावर शिक्का आणि सही असावी. शुल्क खात्यातून वळते करावे.
आपले विश्वासू, (दोघांच्या सह्या)

‘2 एप्रिल अखेर’ मुद्दाम लिहिले आहे. दाखल्याचे शुल्क त्याच खात्यातून कापले जाते. आदल्या दिवसाची अखेर धरली की दाखला आणि उताऱ्यातली शेवटची शिल्लक रुपयासह जुळते. मुदत ठेव बचत खात्याच्या उताऱ्यात दिसत नाही, म्हणून ती दाखल्यात हवी.

पत्र देण्याआधी पासबुकावरचे नाव पासपोर्टशी ताडून पाहावे. आपल्याकडे एकीकडे ‘मोहम्मद’ आणि दुसरीकडे नुसते ‘मो.’ असते, आडनाव कधी पुढे तर कधी मागे. बँक तिच्या नोंदीतलेच नाव लिहिणार. फरक असेल तर आधी केवायसीचा अर्ज देऊन नाव दुरुस्त करून घ्यावे, मगच दाखला मागावा.

खरी अडचण ज्वारीवाल्यांची. पगारदाराच्या उताऱ्यात दरमहा रक्कम येते. आपल्याकडे रब्बीची सुगी झाली की पैसा एकदम येतो. समजा, एरवी खात्यात चाळीस-पन्नास हजार असतात आणि मार्चमध्ये एकाच दिवशी तीन लाख जमा झाले. अधिकाऱ्याला वाटेल, दाखवण्यापुरते कुणाकडून उसने घेतले. (काही जण तसे करतातही, आणि तेच उताऱ्यात उघडे पडते.) ज्वारी विकल्याचे पैसे रोखीने घेऊन भरण्यापेक्षा थेट खात्यावर घ्यावेत, म्हणजे नोंदीत अडत्याचे नाव येते. सोबत त्याची हिशोबपट्टी आणि सातबारा इंग्रजी भाषांतरासह जोडावा. मागच्या वर्षी याच हंगामात अशीच रक्कम जमा झाली असेल, तर पत्रात सहाऐवजी चौदा महिन्यांचा उतारा मागावा. दोन सुग्या शेजारी शेजारी दिसल्या की तीन लाखांचा उलगडा होतो.