भाराखाली हुक किती उघडतो?

क्रेनच्या हुकाला ओझं लावलं की तो उघडतो. डोळ्याला दिसणार नाही इतका थोडा, पण उघडतो नक्की. किती उघडतो हे कागदावर काढायचं म्हटलं की हुकाचा बाक आडवा येतो. सरळ तुळईच्या विचलनाची सूत्रं पुस्तकात तयार मिळतात. हुक मात्र प्रत्येक छेदाशी दिशा बदलतो, आणि एका छेदाशी झालेलं लहानसं वाकणं पुढच्या सगळ्या भागाला फिरवत नेतं. या सगळ्या फिरण्यांची भूमिती मांडत बसणं किचकट असतं. ऊर्जेच्या वाटेनं गेलं तर ती मांडावीच लागत नाही.

पोलाद वाकतं तेव्हा भारानं केलेलं काम त्यात साठून राहतं आणि भार काढला की परत मिळतं. या साठ्याला विकृती-ऊर्जा म्हणतात. ऊर्जेला दिशा नसते. त्यामुळे हुकाचे बारीक तुकडे कल्पून प्रत्येकातली ऊर्जा नुसती बेरजेनं जोडता येते. या बेरजेतून विचलन कसं काढायचं हे कार्लो अल्बर्तो कास्तिग्लियानो या इटालियन अभियंत्यानं १८७३ साली तुरिनमधल्या आपल्या पदवीच्या प्रबंधात मांडलं. पुढे त्यानं उत्तर इटलीच्या रेल्वेत नोकरी केली. आयुष्य त्याला जेमतेम ३६ वर्षांचं लाभलं.

त्याच्या प्रमेयाचं म्हणणं असं: भार किंचित वाढवल्यावर साठलेली ऊर्जा ज्या दरानं वाढते, तो दर म्हणजेच भाराच्या जागचं, भाराच्या दिशेतलं विचलन. याचं कारण सोपं आहे. समजा, हुकाला आधी एक चिमुकलं वजन लावलं आणि मग मुख्य ओझं लावलं. ओझ्यामुळे हुक जितका खाली गेला तितकंच ते चिमुकलं वजनही खाली गेलं. म्हणजे त्यानं केलेलं जास्तीचं काम हे ‘चिमुकलं वजन गुणिले विचलन’ एवढं झालं. त्या कामाला चिमुकल्या वजनानं भागलं की विचलन हाती येतं.

आता एक हुक घेऊ. २० मिलिमीटर व्यासाचा पोलादी गज अर्धवर्तुळात वाकवला आहे. वर्तुळाच्या केंद्रापासून गजाच्या मध्यरेषेपर्यंतची त्रिज्या ५० मिलिमीटर. वरचं टोक पक्कं धरलेलं, आणि तळाशी २,००० न्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलोंचं ओझं. भाराची रेषा वर्तुळाच्या केंद्रातून जाते.

तळापासून θ कोनावर असलेल्या छेदाचं भाररेषेपासूनचं आडवं अंतर R sinθ आहे. म्हणून त्या छेदावर येणारा बेंडिंग मोमेंट असा:

M = P R sinθ

तळाशी तो शून्य, पाठीच्या मध्यावर सर्वांत जास्त आणि वरच्या टोकाशी पुन्हा शून्य. प्रत्येक तुकड्यातली वाकण्याची ऊर्जा या मोमेंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पोलादाचा ताठरपणा E आणि छेदाचा जडत्व-आघूर्ण I धरून ० ते १८० अंशांपर्यंत बेरीज केली, की एकूण साठा आणि त्यातून विचलन मिळतं:

U = π P² R³ / (4 E I)
δ = dU/dP = π P R³ / (2 E I)

E २,००,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आणि I ७,८५४ मिमी⁴ घातला की δ येतो ०.२५ मिलिमीटर. साठलेली ऊर्जा पाव ज्यूल, म्हणजे शंभर ग्रॅमचं वजन पाव मीटर उचलायला लागते तेवढी. सूत्रातला R³ लक्षात ठेवण्याजोगा आहे. तोच गज दुप्पट त्रिज्येवर वाकवला तर हुक आठपट झुकेल. पॉवर प्रेसची इंग्रजी C अक्षरासारखी चौकट खोल करताना डिझायनर हात आखडता घेतो, त्यामागे हेच गणित असतं. तिथे सरळ भागांची ऊर्जा वेगळी काढून वक्र भागाच्या ऊर्जेत मिळवायची, एवढाच फरक.

हुकाचा तळ फक्त खालीच जातो का? आडव्या दिशेत भारच नाही, मग त्या दिशेतलं विचलन कसं काढणार? यासाठी तळाशी Q हा एक आडवा भार आहे असं मानायचं, त्याच्यासकट ऊर्जा लिहायची, Q च्या संदर्भात विकलन करायचं आणि शेवटी Q शून्य करायचा. उत्तर येतं 2PR³/(EI), म्हणजे सुमारे ०.३२ मिलिमीटर, हुकाच्या पाठीच्या दिशेनं. वरचं टोक घट्ट असेल तर तळ खाली जातो त्यापेक्षा जास्त बाजूला सरकतो. नुसत्या अंदाजानं हे सुचलं नसतं.

या हिशेबात आपण एक सूट घेतली आहे. गज त्रिज्येच्या मानानं जाड असला की छेदातला ताण सरळ रेषेत वाटला जात नाही, तो आतल्या कडेला एकवटतो. शिवाय गज थोडा ताणला जातो आणि त्यात कातर-विकृतीही असते. या सगळ्यांसह काटेकोर ऊर्जा मांडली तर उभं विचलन ०.२५२ मिलिमीटर येतं. फरक एक टक्क्याच्याही आत.

ताणाच्या बाबतीत मात्र ही सूट महागात पडते. पाठीच्या मध्यावर आतल्या कडेचा ताण सरळ तुळईच्या सूत्रानं १३४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर येतो, वक्र तुळईच्या सिद्धांतानं १५६. सूत्र हुकाला खऱ्यापेक्षा सुरक्षित दाखवतं. विचलन ही साऱ्या हुकाची बेरीज असते, त्यामुळे एका कडेची चूक तिच्यात विरून जाते. ताण एका जागेचा असतो, तिथे चूक लपत नाही. म्हणून विचलन बरोबर आलं तेवढ्यावरून ताणही बरोबर असेल असं धरू नये. घडीव हुकांचा छेद आतल्या बाजूला रुंद आणि बाहेर निमुळता ठेवतात, तोही याच ताणामुळे. तसा छेद जागोजागी बदलत असल्यानं तिथे सूत्राऐवजी दर काही अंशांवर M आणि I लिहून बेरीज करतात.

या पद्धतीची सीमाही स्पष्ट आहे. साठलेली ऊर्जा पूर्ण परत मिळते तोवरच हे गणित खरं. आतल्या कडेचं पोलाद एकदा ‘यील्ड’ झालं की काही काम उष्णतेत जातं आणि भार काढल्यावरही हुक थोडा उघडाच राहतो. म्हणून हुकाच्या तोंडाशी दोन पंच-खुणा करून त्यांच्यातलं अंतर नवेपणी नोंदवतात आणि तपासणीच्या वेळी ओझं काढून पुन्हा मोजतात. अमेरिकेच्या एएसएमई बी३०.१० या मानकानुसार तोंड ५ टक्क्यांनी वाढलं की हुक कामातून काढतात. आपल्या हुकाचं तोंड ५० मिलिमीटर धरलं तर ही मर्यादा अडीच मिलिमीटर होते. नेहमीच्या भारात तो मिलिमीटरच्या अंशानं झुकतो आणि पूर्ववत होतो. तेव्हा रिकाम्या हुकाच्या खुणांमध्ये अडीच मिलिमीटरची वाढ सापडली, तर त्यानं क्षमतेबाहेरचं ओझं उचललं आहे हे त्या मापावरूनच कळतं. असा हुक तापवून किंवा ठोकून पूर्ववत करायचा नसतो, बदलायचाच असतो.