ऑन-रोड चौदा लाख वीस हजार, मग मालमत्ता किती?

मार्चअखेर जवळ आली की आमच्या ऑफिसात पिशव्या भरभरून बिलं येतात. यंदा त्यात एका हार्डवेअरवाल्यांची पिशवी होती. धंदा स्वतःच्याच नावावर, हिशेब टॅलीत, आणि दसऱ्याला, म्हणजे २ ऑक्टोबर २०२५ ला, दुकानाच्या कामासाठी नवी पेट्रोल गाडी घेतलेली. टॅलीत त्या गाडीची एकच नोंद होती: मोटारगाडी खाते नावे १४,२०,०००. सोबत शोरूमनं दिलेला एक कागद. वर ठळक 'ऑन-रोड किंमत' आणि खाली सात आकड्यांची बेरीज.

"साहेब, तीन लाख वीस हजार मी भरले, अकरा लाख बँकेनं दिले. म्हणजे गाडी चौदा-वीसलाच पडली ना?" त्यांनी विचारलं.

खिशाच्या हिशेबानं बरोबर, वहीच्या हिशेबानं नाही. तो कागद म्हणजे कोटेशन होतं, बिल नव्हतं. शोरूम आपल्याकडून एकरकमी पैसे घेतं, पण त्यातले काही गाडी बनवणाऱ्याचे असतात, काही आरटीओचे, काही विमा कंपनीचे आणि काही चक्क आपल्याच नावानं आयकर खात्यात जमा व्हायचे असतात. ज्याचे पैसे त्याची पावती वेगळी. म्हणून नोंद करण्याआधी पावत्या गोळा करायच्या: शोरूमचं कर बीजक, आरटीओची कर-पावती, विम्याची पॉलिसी, ॲक्सेसरीजचं बिल आणि वाढीव वॉरंटीचं प्रमाणपत्र. फास्टॅगची पावतीही असते. ती बहुतेक वेळा गाडीच्या कप्प्यातच राहते.

सगळे कागद टेबलावर मांडल्यावर चित्र असं निघालं. गाडीची एक्स-शोरूम किंमत ११,८०,०००. टीसीएस ११,८००. रोड टॅक्स, नोंदणी आणि बँकेच्या बोज्याची नोंद मिळून १,४६,०००. विमा ३६,६००. ॲक्सेसरीज ३०,०००. वाढीव वॉरंटी १५,०००. फास्टॅग ६००. बेरीज बरोबर १४,२०,०००. आता यातली कुठली रक्कम कुठे जाते ते एकेक करून पाहू.

एक्स-शोरूमच्या ११,८०,००० मध्ये गाडीची मूळ किंमत १० लाख आणि जीएसटी १,८०,००० आहे. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के दर आहे, त्याप्रमाणे. दुकानदार म्हणाले, "माझा जीएसटी नंबर आहे. हे एक लाख ऐंशी हजार मला परत मिळायला हवेत." मिळत नाहीत. चालक धरून तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवरचा जीएसटी वळता करून घ्यायला कायद्यानं मनाई आहे. अपवाद आहेत ते गाड्या विकणाऱ्यांना, भाड्यानं प्रवासी नेणाऱ्यांना आणि ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना. अशा गाडीच्या विम्यावर आणि दुरुस्तीवर भरलेल्या जीएसटीचंही तेच. जो कर परत मिळत नाही तो वस्तूच्या किमतीचाच भाग होतो, म्हणून अख्खे ११,८०,००० गाडी खात्यात.

याच दुकानदारांनी माल पोचवायला छोटा टेम्पो घेतला असता तर गणित फिरलं असतं. मालवाहू गाडीवरचा जीएसटी वळता होतो. तेव्हा खात्यात फक्त मूळ किंमत धरायची आणि कर वेगळ्या खात्याला न्यायचा. दोन्ही फायदे एकदम घेता येत नाहीत: कराची रक्कम किमतीत मिसळून तिच्यावर घसारा घेतला, तर तो जीएसटी वळता करण्याचा हक्क जातो.

रोड टॅक्सबद्दल लोक बहुतेक उलटी चूक करतात. 'टॅक्स' हा शब्द दिसला की रक्कम 'कर व फी' या खर्चखात्यात टाकतात. पण हा कर एकदाच भरायचा आहे, आणि तो भरून नोंदणी झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. वस्तू वापरायच्या स्थितीत आणण्यासाठी जे थेट आणि न टळणारं खर्चावं लागतं ते तिच्या किमतीत धरायचं, असं लेखा मानक १० सांगतं. त्यामुळे १,४६,००० गाडी खात्यातच. ही रक्कम लहान नसते. कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर महाराष्ट्रात हा एकरकमी कर २० टक्के बसतो. जड मालमोटारीचा दर वर्षी भरायचा कर मात्र त्या त्या वर्षाचा खर्च.

विमाही गाडी बाहेर काढायच्या आधीच काढावा लागतो. मग तो का नाही किमतीत? कारण विमा गाडी तयार करत नाही, तो ठरावीक मुदतीपुरती जोखीम उचलतो. मुदत सरली की पैसेही सरले. इथे पॉलिसीचा कागद उघडून वाचावाच लागतो, कारण नव्या खासगी मोटारीच्या पॉलिसीत दोन मुदती असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीचा थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. या पॉलिसीत ओन डॅमेजचे २४,००० आणि थर्ड पार्टीचे १२,६०० होते, दोन्ही जीएसटी धरून.

आता महिन्यांनी भाग घालायचा. २४,००० बारा महिन्यांचे, म्हणजे महिना २,०००. १२,६०० छत्तीस महिन्यांचे, म्हणजे महिना ३५०. ऑक्टोबर ते मार्च असे सहा महिने गेले, तेव्हा या वर्षाचा खर्च १२,००० अधिक २,१००, एकूण १४,१००. उरलेले २२,५०० ताळेबंदात 'आगाऊ भरलेला विमा' म्हणून पुढे जातात. वाढीव वॉरंटीचंही असंच, फक्त तिचं घड्याळ उशिरा सुरू होतं. कंपनीची मूळ वॉरंटी तीन वर्षांची आणि ही चौथ्या-पाचव्या वर्षाची. म्हणून ते १५,००० तोवर जसेच्या तसे आगाऊ खात्यात पडून राहतील.

सगळ्यात महागात पडते ती टीसीएसची ओळ, रक्कम छोटी असूनही. दहा लाखांच्या वर किमतीची गाडी विकताना शोरूमला पूर्ण किमतीवर एक टक्का कर गोळा करून तुमच्या पॅनवर सरकारकडे भरावा लागतो. इथे तो ११,८००. हा गाडीचा भाग नाही, खर्चही नाही. तो तुमचाच आगाऊ भरलेला आयकर आहे आणि विवरणपत्र भरताना देय करातून वजा होतो. गाडी खात्यात मिसळला तर तो तिथेच बुडतो, कारण विवरणपत्र भरणाऱ्याला वहीत 'टीसीएस येणे' असं खातंच दिसत नाही. खात्री करायची जागा म्हणजे फॉर्म २६एएस. शोरूमनं पैसे भरले आणि पॅन बरोबर घातला असेल तर रक्कम तिथे दिसते. नसेल तर बीजकाची प्रत घेऊन शोरूमच्या हिशेब खात्याकडे जायचं, तेही विवरणपत्राची मुदत संपायच्या आत.

ॲक्सेसरीजच्या बिलात एक वस्तू म्हणजे एक ओळ असते, म्हणून तेही वाचावं लागतं. सीट कव्हर, पायाखालच्या मॅट, डॅश कॅमेरा आणि मागचे सेन्सर मिळून २२,०००. या वस्तू गाडीला बसवलेल्या आहेत आणि काही वर्षं टिकतील, तेव्हा गाडी खात्यात. टेफ्लॉन कोटिंग, अंगावरचं कापडी आवरण आणि सुगंधाची बाटली मिळून ८,०००. हे झिजणारं, संपणारं. ते या वर्षाच्या वाहन खर्चात. शंका आली तर एक प्रश्न विचारायचा: गाडी विकताना ही वस्तू तिच्याबरोबर जाईल का आणि घेणारा तिच्याकडे बघेल का?

हे बिल त्यांनी यूपीआयनं भरलं होतं, ते बरं झालं. एका दिवशी एकाच माणसाला दहा हजारांवर रोख दिली तर आयकराच्या हिशेबात ती रक्कम मालमत्तेच्या किमतीत धरत नाहीत आणि खर्च म्हणूनही मान्य होत नाही. 'रोखीत दिलं तर हजार कमी' म्हणणाऱ्या ॲक्सेसरीवाल्याकडे लोक बऱ्याचदा इथेच फसतात.

फास्टॅगच्या सहाशेत टॅगचे १०० खर्च, २०० अनामत आणि ३०० टोलसाठी शिल्लक. म्हणजे पाचशे अजून आपलेच.

मग जुनी नोंद पुसून ही टाकली:

मोटारगाडी खाते नावे १३,४८,०००
आगाऊ विमा नावे ३६,६००
आगाऊ वॉरंटी नावे १५,०००
टीसीएस येणे नावे ११,८००
वाहन खर्च नावे ८,१००
फास्टॅग अनामत व शिल्लक नावे ५००
बँकेचं वाहनकर्ज जमा ११,००,०००
बँक चालू खाते जमा ३,२०,०००

नावेची बेरीज १४,२०,०००, जमेचीही तेवढीच. ३१ मार्चला आगाऊ विम्यातून १४,१०० खर्चात काढले. कर्जाच्या हप्त्यातलं व्याज दर महिन्याला व्याजखात्यात जातं. गाडी वापरात आल्यावर ते तिच्या किमतीत धरायचं नसतं.

आता घसारा. आयकरात अशा मोटारीवर वर्षाला १५ टक्के. खरेदीच्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर त्याच्या निम्मा. २ ऑक्टोबर ते ३१ मार्च दिवस मोजले तर १८१ भरतात. दसऱ्याला गाडी घेतली आणि त्याच दिवसापासून वापरली, म्हणून पूर्ण १५ टक्के, म्हणजे २,०२,२००. त्यांनी पाडव्याचा, २२ ऑक्टोबरचा मुहूर्त धरला असता तर वापर १६१ दिवसांचा झाला असता आणि घसारा १,०१,१०० वर आला असता. डिलिव्हरीची तारीख लिहिलेली पावती जपून ठेवायची ती यासाठी. घरच्या फिरण्याचा वाटा यातून वजा करावा लागतो. तो किती, हे मालकानं प्रामाणिकपणे सांगायचं.

एकाच ओळीची जुनी नोंद ठेवली असती तर १४,२०,००० वर २,१३,००० घसारा निघाला असता. आकडा मोठा दिसतो. पण नव्या मांडणीत २,०२,२०० घसारा, १४,१०० विमा आणि ८,१०० वाहन खर्च मिळून या वर्षाचा खर्च २,२४,४०० होतो, आणि वर ११,८०० करातून सुटतात. जुन्या नोंदीत विम्याचे ३६,६०० दर वर्षी थोडे थोडे झिजत, विमा संपून गेल्यावरही कितीतरी वर्षं ताळेबंदात मालमत्ता म्हणून बसले असते.

जाताना दुकानदारांनी विचारलं, "मग या आगाऊ खात्यांचं पुढे काय करायचं?" म्हटलं, पुढच्या दसऱ्याआधी विम्याच्या नूतनीकरणाचा फोन येईल, तेव्हा ते खातं उघडा. थर्ड पार्टीचे ८,४०० अजून शिल्लक दिसतील. समोरच्यानं पुन्हा थर्ड पार्टीचा हप्ता मागितला, तर त्याला सांगा, तो आम्ही २०२८ पर्यंत भरून ठेवलाय.