छपरातला चाकू

पोलीस कोठडीतला आरोपी दोन पंचांसमोर म्हणतो, ‘ज्या चाकूने मी अमक्याला भोसकलं, तो घराच्या छपरात लपवलाय, चला दाखवतो.’ पोलीस हे शब्द लिहून घेतात, सगळे मिळून जातात आणि चाकू निघतो. आता न्यायालय यातलं किती ऐकेल?

पोलिसांपुढची कबुली एरवी पुराव्यात चालत नाही. त्याला अपवाद होता जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. मात्र हे दार अरुंद आहे. पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलने हेच चाकूचं उदाहरण घेतलं. चाकूचा शोध तर जगाला कधीच लागलाय! इथे उघड झालं ते एवढंच, की तो छपरात होता आणि आरोपीला ते ठाऊक होतं. म्हणून ‘छपरात लपवलाय, दाखवतो’ ग्राह्य; ‘ज्या चाकूने भोसकलं’ वगळायचं. त्याच चाकूने खून झाला, हे रक्ताच्या तपासणीतून किंवा साक्षीदारांकडून वेगळं सिद्ध करावं लागतं.

बचावाचे वकील नेमके इथेच घाव घालतात. जागा पोलिसांना आधीच माहीत होती का? चाकू सर्वांना दिसेल असा पडला होता का? जागेवर सील केला का? आरोपीचे मूळ शब्द पंचनाम्यात आहेत, की हवालदाराची ठरावीक भाषा? आणि पंच उलटला, तर सगळा भार तपास अधिकाऱ्याच्या साक्षीवर येतो.