शेअर बाजाराची यंत्रणा : पडद्यावरचा भाव आणि हाती येणारा भाव

मागील लेखांकात मार्केट ऑर्डर व लिमिट ऑर्डर यांतील भेद पाहिला. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये तो भेद किती महाग पडू शकतो, हे साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या उदाहरणाने स्पष्ट होते. बजाज समूह आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी 1975 मध्ये उभारलेल्या या कंपनीचे एकूण शेअर सुमारे 1 कोटी 14 लाखच असून, 2019 मध्ये महामंडळाचा 27 टक्के हिस्सा बजाज होल्डिंग्जकडे गेल्यापासून त्यांपैकी 51 टक्के एकाच प्रवर्तकाकडे आहेत, त्यामुळे बाजारात फिरणारा साठा मुळातच लहान आहे.

समजा, साताऱ्यातील किंवा सांगलीतील एका भागधारकास असे 200 शेअर विकायचे आहेत आणि पडद्यावर खरेदीदाराची सर्वांत वरची बोली, म्हणजे बिड, 9,990 रुपये, तर विक्रेत्याचा सर्वांत कमी भाव, म्हणजे आस्क, 10,010 रुपये आहे (हे आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले आहेत). या दोहोंतील 20 रुपयांचे अंतर म्हणजे स्प्रेड; मधला भाव 10,000 धरल्यास तो 0.2 टक्के भरतो आणि निरुपद्रवी वाटतो. परंतु 9,990 ही बोली फक्त 20 शेअरांची असते. तिच्याखाली 9,970 ला 30, 9,920 ला 50, 9,850 ला 40 आणि 9,760 ला 60 शेअरांची मागणी असेल, तर मार्केट ऑर्डर या पाचही पायऱ्या उतरून 19,74,500 रुपये मिळवते. सरासरी भाव 9,872.50 पडतो आणि मधल्या भावाच्या हिशेबाने 25,500 रुपये, म्हणजे सुमारे 1.28 टक्के, कमी येतात. यालाच इम्पॅक्ट कॉस्ट म्हणतात. ती स्प्रेडवरून नव्हे, तर आपल्या संख्येइतक्या बोल्यांची बेरीज करूनच कळते.

ही बेरीज करताना पायऱ्यांखाली दाखवलेली एकूण खरेदी-संख्या विचारात घेऊ नये, कारण तिच्यात भावापासून फार दूर असलेल्या ऑर्डरीही मोजलेल्या असतात. शेवटच्या सौद्याची वेळही पाहावी, कारण तो तासाभरापूर्वीचा असेल तर त्याचा भाव आजच्या बोल्यांविषयी काहीच सांगत नाही. एनएसई व बीएसई यांच्या ऑर्डर-याद्या स्वतंत्र असल्याने दोन्ही तपासणे आवश्यक आहे.

त्यानंतर 9,970 ची लिमिट लावून प्रथम 50 शेअर विकावेत आणि रिकाम्या झालेल्या पायऱ्यांवर नव्या बोल्या येतात का, याकडे लक्ष द्यावे. त्या आल्या, तर मागणी दिसते त्याहून खोल आहे, कारण डिस्क्लोज्ड क्वांटिटीच्या सोयीमुळे मोठा खरेदीदार आपल्या ऑर्डरचा एक भागच उघड करू शकतो. त्या आल्या नाहीत, तर उरलेल्या 150 शेअरांची विक्री अनेक दिवसांवर पसरावी लागते आणि त्या काळात भाव घसरण्याचा धोका विक्रेत्याकडेच राहतो.