सात टक्क्यांची वाटणी

समजा, भोसरीत ४० माणसांचा कारखाना आहे आणि महिन्याचा पगार १६ लाख. मालकाने इन्क्रिमेंटसाठी ८ टक्के, म्हणजे महिन्याला १,२८,००० रुपये काढले. बेसिक वाढलं की पीएफचा कंपनीचा वाटा आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही वाढते. ती वेगळी धरायची, नाहीतर अकाउंट्सवाले नंतर आठवण करून देतातच. बढत्या आणि दुरुस्त्यांसाठी १ टक्का राखून ठेवला, की वाटायला उरतात १,१२,०००.

आता कामाचे शेरे. ‘उत्तम’ मंडळींचा एकूण पगार ३ लाख, ‘चांगलं’वाल्यांचा १० लाख, ‘कमी’वाल्यांचा ३ लाख. अनुक्रमे ११, ७ आणि ३ टक्के दिले, तर बेरीज बरोबर १,१२,००० येते. पण सुपरवायझरला आपल्या पोरांशी वर्षभर काम करायचं असतं, त्यामुळे तो शेरा देताना हात सैल सोडतो. ‘उत्तम’मध्ये ६ लाखांचा पगार गेला, ‘चांगलं’मध्ये ९ आणि ‘कमी’त फक्त १, तर बेरीज होते १,३२,०००. वरचे २०,००० कुठून आणणार? मग सगळ्यांचे टक्के छाटले जातात आणि खऱ्या उत्तम माणसाच्या खिशातून बाकीच्यांची वाढ निघते. म्हणून शेरे कच्चे असतानाच ही बेरीज करावी आणि सगळ्या सुपरवायझरना एका टेबलाशी बसवून प्रत्येक ‘उत्तम’चं कारण विचारावं.

पुढची गोष्ट जास्त अवघड. एकाच कामाचा पगारपट्टा ३०,००० ते ५०,००० आहे. दोघांचा शेरा ‘चांगलं’. एकाचा पगार ३२,०००, दुसऱ्याचा ४८,०००. सरसकट ७ टक्के दिले तर दरी वाढते. पट्ट्यात खाली असणाऱ्याला ९ आणि वरच्याला ५ टक्के दिले, तर २,८८० आणि २,४०० पडतात. (टक्के बदलले की पुन्हा बेरीज.) हे न्याय्य आहे, पण नाराज होतो तो वरचा, जुना माणूस.

त्याला पत्राआधी, एकट्याला बोलवावं आणि आकडा पहिल्याच वाक्यात सांगावा: “काका, यंदा २,४०० वाढलेत. तुमचं काम चांगलंच आहे. पगार या कामाच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला आलाय, म्हणून टक्का कमी.” ‘वरून आलंय, मी काय करू’ हे वाक्य टाळावं, ते ऐकलं की समोरचा थेट वर जातो. दुसऱ्याचा आकडा काढू नये, पुढच्या वर्षीचं वचनही देऊ नये. ‘कमी’ शेऱ्याचं कारण मात्र वर्षभरात एकदाही कानावर घातलं नसेल, तर या बैठकीत कितीही गोड बोललात तरी उपयोग नाही.

दोन दिवसांनी नाराज माणसाला पुन्हा भेटावं. सुपरवायझरच्या नजरेतून सुटलेलं काम त्याने दाखवलं, तर राखलेल्या १ टक्क्यातून दुरुस्ती करावी. नुसता आवाज चढवला म्हणून आकडा हलवला, तर ती बातमी संध्याकाळच्या चहापर्यंत शॉप फ्लोअरवर पोचते आणि पुढच्या एप्रिलमध्ये दाराशी रांग लागते.