शहरी खताची मात्रा आणि जमिनीतील जड धातूंचा हिशेब

शहरातील कचऱ्यापासून अथवा मैल्याच्या गाळापासून तयार झालेले खत जमिनीत मिसळले की त्यातील सेंद्रिय भाग काही वर्षांत कुजून जातो. त्याबरोबर आलेले तांबे, जस्त, कॅडमियम यांसारखे धातू मात्र मागे राहतात. पिके त्यांतील अगदी थोडा अंश उचलतात. म्हणून अशा खताची मात्रा ठरविताना एका हंगामाचा विचार पुरत नाही. त्या जमिनीत आणखी किती धातू सामावू शकतो, हे आधी पाहावे लागते.

आपल्याकडे खत नियंत्रण आदेशाने शहरी कंपोस्टमधील धातूंना मर्यादा घातली आहे. एक किलो कोरड्या खतात तांबे ३०० मिलिग्रॅम, जस्त १,००० मिलिग्रॅम व कॅडमियम ५ मिलिग्रॅम यांहून अधिक असू नये. तथापि ही मर्यादा खतासाठी आहे. ते ज्या जमिनीत पडणार, तिच्यात मुळात किती धातू आहे, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी युरोपीय समुदायाच्या १९८६ च्या निर्देशातील मातीच्या मर्यादा उपयोगी पडतात. तेथे एक किलो मातीत तांब्यासाठी ५० ते १४०, जस्तासाठी १५० ते ३०० व कॅडमियमसाठी १ ते ३ मिलिग्रॅम अशा मर्यादा दिल्या आहेत.

आता एक उदाहरण घेऊ. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे २,००० टन माती असते. म्हणजे किलोमागे १ मिलिग्रॅम वाढ होण्यास हेक्टरी २ किलो धातू लागतो. हा आकडा ध्यानात ठेवला की पुढचे गणित सोपे होते.

समजा, काळ्या जमिनीच्या एका शेतात किलोमागे तांबे ११०, जस्त ९० व कॅडमियम ०.३ मिलिग्रॅम आढळले. तांब्याच्या या आकड्याने दचकण्याचे कारण नाही. दख्खनचा काळा पाषाण मुळातच तांबेयुक्त असल्याने त्यापासून बनलेल्या मातीत ते निसर्गतःच जास्त असते. मर्यादा म्हणून तांब्यासाठी १४०, जस्तासाठी ३०० व कॅडमियमसाठी, ते अन्नातून माणसाच्या शरीरात साठत असल्याने, सर्वांत कडक म्हणजे १ हा आकडा धरू. मग तांब्याला ३० मिलिग्रॅम, म्हणजे हेक्टरी ६० किलो जागा उरते. जस्ताला ४२० किलो, तर कॅडमियमला १.४ किलो.

खतात किलोमागे तांबे २५०, जस्त ६०० व कॅडमियम ३ मिलिग्रॅम आहे असे धरू. ते आदेशाच्या कसोटीला उतरते. अशा एका टन कोरड्या खतातून २५० ग्रॅम तांबे जाते. म्हणून ६० किलोची जागा २४० टनांत भरते. जस्ताच्या हिशेबाने ७०० टन व कॅडमियमच्या हिशेबाने सुमारे ४६७ टन चालले असते. यांतील सर्वांत लहान आकडा, २४० टन, हीच त्या जमिनीची एकूण मर्यादा होय. तीस वर्षांत विभागल्यास ती वर्षाला ८ टन कोरडे खत, अथवा २५ टक्के ओलावा असल्यास सुमारे १०.७ टन ओले खत, इतकी येते. पिकाची नत्राची गरज याहून कमी खतात भागत असेल, तर तेवढेच द्यावे.

मातीतील मूळचे तांबे वजा न करता हेच गणित केले, तर उत्तर १,१२० टन येते. म्हणजे साडेचार पटींहून अधिक. ही चूक नकळतही होते. जमीन आरोग्य पत्रिकेत तांबे व जस्त यांचे आकडे असतात. परंतु ते डीटीपीए द्रावणाने काढलेल्या, पिकास उपलब्ध अशा अंशाचे असतात व बहुधा एक-दोन मिलिग्रॅमच्या घरात येतात. या हिशेबाला माती आम्लात उकळून काढलेला एकूण धातू लागतो. प्रयोगशाळेकडे नमुना देतानाच ‘एकूण’ असे स्पष्ट लिहून द्यावे. खताचा अहवाल कोरड्या वजनावर आहे की ओल्या, हेही विचारून घ्यावे. गाळात ८० टक्के पाणी असेल व ओल्या वजनाचा आकडा कोरड्याचा म्हणून धरला, तर धातू पाचपट कमी मोजला जातो.

कोकणातील जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीत जस्त व कॅडमियम अधिक सहज विरघळतात. तेथे मर्यादेचा खालचा आकडाच धरावा. एखाद्या मातीत मुळातच मर्यादेहून अधिक धातू निघाला, तर जागा शून्य; तेथे असे खत देऊ नये.

वरील शेतात दरवर्षी ८ टन खत दिल्यास तांबे वर्षाला किलोमागे १ मिलिग्रॅमने वाढेल. दोन-तीन वर्षांची वाढ तपासणीच्या चढउतारात हरवून जाते. म्हणून मूळ नमुन्याची थोडी माती जपून ठेवावी आणि दहा वर्षांनी नव्या नमुन्यासोबत एकाच प्रयोगशाळेत तपासावी. वाढ १० ऐवजी २० निघाली, तर खताबरोबर दुसरी वाटही शोधावी लागेल. द्राक्षबागेत ती बहुधा बोर्डो मिश्रणाची असते. त्यातील मोरचुदाचे तांबेही याच ६० किलोंतून वजा करावे लागते.