कुतूहल : अभंग हिंदीच्या खणात कसा गेला?

समजा, देहूच्या भजनी मंडळाने तुकोबांचा अभंग रेकॉर्ड करून वितरकामार्फत स्पॉटिफायवर पाठवला. फॉर्म भरताना लिपी देवनागरी म्हणून भाषा ‘हिंदी’ ठेवली आणि प्रकार ‘पॉप’. आता गंमत बघा. लिपी एकच असली तरी यंत्राकडे मराठीचा कोड mr आणि हिंदीचा hi. नव्या गाण्याला ऐकणाऱ्यांचा पूर्वइतिहास नसतो, त्यामुळे ते कोणाला ऐकवायचं याचा सुरुवातीचा अंदाज बराचसा अशा लेबलांवरून बांधला जातो. मग अभंग हिंदी पॉपच्या श्रोत्यापुढे जातो, टाळ-मृदंग सुरू होताच तो पुढचं गाणं लावतो आणि ही टाळाटाळही नोंदली जाते.

‘एक्स्प्लिसिट’ची खूण तर आणखी नाजूक. शिवी नसताना चुकून ती लागली, तर असा मजकूर बंद केलेल्या फोनवर अभंग वाजतच नाही. चाकणच्या एखाद्या रॅपरने शिवी असूनही ही खूण टाळली, तर दुकान स्वतः ती लावू शकतं किंवा गाणं उतरवू शकतं.

मूड सहसा स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवताना विचारतात. तिथे भक्तिगीताला ‘पार्टी’ लिहू नये. ही सुचवणी प्रकाशनाआधी, शक्यतो किमान 7 दिवस आधी, करावी लागते. लेबल नंतर दुरुस्त होतं, पण प्रकाशनानंतर ही सुचवणी करता येत नाही.